नऊ लाखांचं 'इतर'

ऑडिटवाल्यांना बसायला कुठली खोली देतात यावरून कंपनीचं मन ओळखावं. या पंप बनवणाऱ्या कंपनीने बारकीला दिलेली खोली चाचणीच्या शेडला लागून होती. दर वीस मिनिटांनी पलीकडे एखादा पंप सुरू व्हायचा, टेबलावरचा चहा थरथरायचा आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर टकटक वाजायचं. कपाटात जागा नव्हती, कारण कपाट पाच वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगांनी भरलेलं होतं. तक्रार करायची सोय नव्हती. जावयाला मान मिळतो, ऑडिटवाल्याला प्लगपॉइंट मिळाला तरी खूप.

बारकी हे तिचं घरचं नाव. तीन भावंडांत शेवटची म्हणून बारकी. आता वय एकतीस, ऑडिट फर्ममध्ये आठ वर्षं, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. फर्ममधले थोरले सरसुद्धा एकदा तिच्या आईचा फोन उचलल्यापासून तिला बारकीच म्हणत. याच सरांनी मागच्या आठवड्यात गाडीतून उतरता उतरता सांगितलं होतं, "गुरुवारी या कंपनीच्या हिशेबांवर सही झाली, की तुझं मॅनेजरचं पत्र देतो. टाइप करून ठेवलंय." बारकीने ते फक्त आईला सांगितलं. आईने फक्त मावशीला सांगितलं, कुणाला बोलू नकोस असं बजावून. संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात अभिनंदन सुरू झालं होतं.

आज मंगळवार होता आणि बारकीसमोर एक कोटी वीस लाखांचा खड्डा होता.

काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. कंपनीचा करापूर्वीचा नफा चव्वेचाळीस कोटी. कराचा दर पंचवीस टक्के. म्हणजे कराचा खर्च अकरा कोटी हवा. साठ लाखांचे दंड वगैरे झाले होते, त्यांची सवलत करखातं कधीच देत नाही, म्हणून त्यावरचे पंधरा लाख आणखी. झाले अकरा कोटी पंधरा लाख. हिशेबात मात्र कराचा खर्च दाखवला होता नऊ कोटी पंच्याण्णव लाख. मधल्या एक कोटी वीस लाखांसमोर लिहिलं होतं, 'मागील वर्षांचे समायोजन'.

मागच्या वर्षी कराचा अंदाज चुकला आणि रिटर्न भरताना आकडा बदलला, तर असं समायोजन येतं. बारकीने मागच्या वर्षीचं रिटर्न काढलं आणि हिशेबातल्या तरतुदीशेजारी ठेवलं. दोन्ही आकडे पै न पै जुळत होते. मग समायोजन कसलं? तिने पुन्हा बेरीज केली. आकडे असे असतात की दुसऱ्यांदा मोजले म्हणून लाजून बदलत नाहीत.

तिने फुटपट्टीबाईंना बोलावलं.

फुटपट्टीबाई म्हणजे कंपनीच्या कर-विभागाच्या बाई. विभाग म्हणजे त्या एकट्याच. वय सत्तावन्न. छापलेल्या कागदावरची प्रत्येक ओळ त्या स्टीलची पट्टी धरून वाचत, म्हणून अख्खी कंपनी त्यांना हेच म्हणायची. त्यांनाही ते माहीत होतं. पट्टी घेऊनच त्या आत आल्या.

"बाई, हे समायोजन कशाचं?"

"फायनान्सच्या साहेबांनी असं लिहायला सांगितलं." बाईंनी पट्टी त्या ओळीखाली ठेवली. "मला विचाराल मॅडम, तर मला तो आकडा कळलेला नाही. आणि न कळलेल्या आकड्याला नाव द्यायला मला आवडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण जरा जास्त वेळ. "बोलून बघितलं होतं एकदा," त्या म्हणाल्या आणि पट्टी उचलून गेल्या.

कधी बोलून बघितलं होतं, हे बारकीला तेव्हा आठवलं नाही. माणसाला आपलं विसरणं फार चांगलं जमतं.

कराच्या खर्चात दोन भाग असतात. एक यंदा भरायचा कर. दुसरा तो पुढचा-मागचा, ज्याला सगळे डिफर्ड टॅक्स म्हणतात: यंदाच्या हिशेबात बसतो पण कर पुढे भरायचा असतो, किंवा कर आज भरलेला असतो आणि सवलत पुढे मिळायची असते. भरायचा कर यंदाच्या कच्च्या रिटर्नशी जुळत होता, म्हणजे चूक दुसऱ्या भागात होती. तो भाग कंपनी एका शीटवर काढायची, आणि ते शीट दर वर्षी मागच्या वर्षीच्या शीटची नक्कल करून त्यात नवे आकडे भरून व्हायचं. बारकीने ते बाजूला सारलं आणि कोरा कागद घेतला. ताळेबंदातली एकेक गोष्ट डावीकडे, हिशेबातल्या किमतीला. तिचीच करखात्याच्या लेखी किंमत उजवीकडे. फरकावर पंचवीस टक्के. घरातलं सगळं सामान एकदा अंगणात काढावं, तसं.

जेवणाची सुट्टी झाली, संपली. दोन वाजता तिला पहिली वस्तू सापडली.

वॉरंटीची तरतूद. गेल्या वर्षी कंपनीने पंपाचं नवं मॉडेल काढलं आणि ते गळायला लागलं. गिऱ्हाइकांना दुरुस्ती फुकट करून द्यावी लागणार म्हणून पाच कोटी साठ लाख खर्ची टाकले. करखातं म्हणतं, प्रत्यक्ष पैसे द्याल तेव्हा सवलत घ्या. म्हणजे गेल्या वर्षी कर जास्त भरला, पण सवलत पुढे येणार होती; तिच्यापोटी एक कोटी चाळीस लाखांची डिफर्ड टॅक्सची मालमत्ता दाखवायला हवी होती. शीटवर ती ओळच नव्हती. असणार कशी? शीट जुन्या वर्षाची नक्कल, आणि जुन्या वर्षी वॉरंटीची तरतूद नव्हती. यंदा त्यातले चार कोटी ऐंशी लाख दुरुस्तीत गेले, त्याची सवलत मिळाली, भरायचा कर एक कोटी वीस लाखांनी उतरला. मालमत्ता मांडलेली असती तर ती तेवढीच घटून कराच्या खर्चात आली असती; मांडलेलीच नव्हती, तर कमी कशातून होणार?

एक कोटी वीस लाख! खड्डा सापडला. बारकीला इतकं बरं वाटलं की तिने गार झालेला चहा पिऊन टाकला.

मग तिच्या मनात आलं, की ही ओळ गेल्या वर्षीही नव्हती. मग गेल्या वर्षीचा ताळमेळ, म्हणजे यायला हवा तो कर आणि दाखवलेला कर यांची जुळणी, एक कोटी चाळीस लाखांनी फुटायला हवा होता. तो तर जुळला होता. जवळजवळ.

तिने गेल्या वर्षीची फाइल उघडली. ताळमेळाच्या तळाशी एक ओळ: 'इतर, नऊ लाख'. तिच्यासमोर बरोबरची खूण आणि खुणेशेजारी तिची स्वतःची आद्याक्षरं.

नऊ लाख कुठून आले? ती यादीत पुढे सरकली. यंत्रं. गेल्या वर्षी कंपनीने मोठं कास्टिंगचं यंत्र घेतलं होतं आणि पहिल्या वर्षीची जादा घसाऱ्याची खास सवलत रिटर्नमध्ये घेतली होती: पाच कोटी चोवीस लाख. बाहेरच्या करसल्लागाराने ती वेगळ्या परिशिष्टात मांडली होती. कंपनीच्या शीटवर नेहमीचा घसारा आला होता, हा जादा आलाच नव्हता. म्हणजे यंत्राची करखात्याच्या लेखी किंमत शीटवर तेवढ्याने फुगलेली, आणि पुढे भरायच्या कराचं देणं एक कोटी एकतीस लाखांनी कमी.

एक कोटी चाळीस इकडे खर्चात जास्त. एक कोटी एकतीस तिकडे कमी. राहिले नऊ.

पलीकडे पंप सुरू झाला. कॅलेंडर टकटक करू लागलं.

आणि मग ती दुपार आठवली, नको तितकी स्पष्ट. गेल्या वर्षी, याच खोलीत, शेवटचा दिवस. नफा चाळीस कोटी, जिच्या वरची चूक गंभीर धरायची ती मर्यादा दोन कोटी, आणि दहा लाखांच्या आतलं किरकोळ धरून सोडायचं असा फर्मचा नियम. फुटपट्टीबाई पट्टी घेऊन उभ्या होत्या. "मॅडम, हे नऊ लाख कशाचे ते कळत नाही. उद्यापर्यंत वेळ द्या, फोडून बघते." आणि बारकी बॅग भरता भरता म्हणाली होती, "अहो बाई, दहाच्या आत आहे. सोडा की. 'इतर'मध्ये टाका." वर हसलीसुद्धा होती. ते हसणं तिला आता सगळ्यात जास्त लागलं. नऊ लाख किरकोळ होतेच. पण ते नऊ लाख नव्हतेच मुळी. दोन मोठ्या चुका एकमेकींना टेकून उभ्या होत्या आणि बाहेर फक्त पदराचं टोक दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"अगं, शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलावू का? मावशी विचारतेय."

"आई, अजून पत्र मिळालेलं नाही."

"मिळेल गं. तुझ्या कामात कोण खोट काढणार?"

"मी," असं बारकीच्या ओठांवर आलं होतं. "नंतर बोलते," एवढंच तिने म्हटलं.

चार वाजता फायनान्सचे साहेब आले. हे गृहस्थ बसत नसत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याउभ्या बोलत, जणू गाडी सुटत होती. बारकीने कागद समोर ठेवला. त्यांनी तो पटकन वाचला. माणूस हुशार होता, त्यात शंका नाही.

"म्हणजे यंदाच्या अखेरीला नक्की किती चूक?"

"वॉरंटीचे ऐंशी लाख शिल्लक आहेत, त्यावर वीस लाखांची मालमत्ता दाखवायची राहिली. यंत्राचं देणं एक कोटी एकतीस लाख कमी. वजा जाता देणं एक कोटी अकरा लाखांनी कमी दाखवलंय."

"तुमची यंदाची मर्यादा?"

"दोन कोटी वीस लाख."

"मग झालं तर!" साहेबांचा चेहरा खुलला. "मर्यादेच्या आत आहे. मी संचालकांना करानंतरचा नफा चौतीस कोटी सांगून बसलोय. गुरुवारी बत्तीस पॉइंट काहीतरी सांगू? समायोजन म्हटलंय, समायोजन राहू द्या."

"पण ते समायोजन नाही, साहेब. आणि अकरा लाखांच्या वरची कुठलीही न सुधारलेली चूक आम्हाला यादीत घालून संचालकांना द्यावी लागते."

साहेबांनी आवाज खाली आणला, आणि बारकीला तेच जास्त भीतीदायक वाटलं. "यादीत घालाल तर चूक कधीपासूनची हेही लिहावं लागेल. गेल्या वर्षी फाइल कोणी तपासली, मला आठवतंय." मग ते म्हणाले, "तुम्हाला अडचणीत आणायचं नाही मला. शीट बाईंचं आहे. ओळ घालायला त्या विसरल्या. हे काम बाहेर द्यायचं मी कधीपासून म्हणतोय. त्यांच्यावर येईल, विषय मिटेल. तुम्ही फक्त उद्या तुमच्या सरांसमोर जास्त मागचं उकरू नका."

ते गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर त्या चोरीत बारकीचाही हात होता. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री अंथरुणावर तिने बराच वेळ साहेबांचं म्हणणं मनात घोळवलं. शीट बाईंचंच होतं, हे खरं. ओळ त्याच विसरल्या, हेही खरं. खोटं काहीच बोलायचं नव्हतं. फक्त एक वाक्य बोलायचं नव्हतं. इतकं स्वस्त पाप रोज मिळत नाही. पहाटे तिला झोप लागली तेव्हाही काही ठरलेलं नव्हतं.

बुधवारी चार वाजता थोरले सर आले. बैठकीच्या मोठ्या खोलीत साहेब, सर, बारकी आणि टोकाच्या खुर्चीवर फुटपट्टीबाई. पट्टी मांडीवर आडवी. बारकीने आकडे सांगितले. तिचा आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

सर चष्मा काढून म्हणाले, "यादीत ठेवायचं नाही, दुरुस्तच करा. पण दोन-दोन चुका सव्वा वर्ष कोणाच्या नजरेला आल्या नाहीत, हे कसं?"

"शीट बाई करतात," साहेब लगेच म्हणाले. "जुन्याची नक्कल करतात, नवी ओळ घालायची विसरल्या. वय झालं की होतं असं. आम्ही यंदापासून हे काम बाहेर देतोय."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. नक्कल केली होती, ओळ विसरली होती; जे खरं होतं त्याला त्या नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फक्त पट्टी घट्ट धरली. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं झालेलं बारकीला दिसलं. त्यांनी बारकीकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित गप्प बसणं सोपं गेलं असतं.

"बाई विसरल्या, हे खरं," बारकी म्हणाली. "पण नजरेला आलं नाही, हे खरं नाही. गेल्या वर्षी ते नऊ लाख बाईंच्या नजरेला आले होते. त्या एक दिवस मागत होत्या, फोडून बघायला. मी म्हटलं, सोडा. 'इतर'मध्ये टाका. खुणेशेजारची अक्षरं माझी आहेत."

साहेबांचा हात पहिल्यांदाच खुर्चीच्या पाठीवरून खाली आला.

"दहाच्या आत होतं ना?" सर हळूच म्हणाले.

"आत होतं, सर. पण कशाचं आहे ते माहीत नसताना किती आहे ते कसं कळणार? ते मी विचारलं नाही. मला घरी जायचं होतं."

सरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. गेल्या वर्षी तिच्या खुणेखाली त्यांचीही सही होती, आणि ते त्यांना आठवत होतं हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी ते साहेबांकडे वळले. "बाहेरच्या माणसाला ते नऊ लाख खुपले नसते. बाईंना खुपले होते. काम कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण संचालकांना मी उद्या हे असंच सांगणार." मग बारकीला म्हणाले, "तू दुरुस्तीचा ताळमेळ करून दे. आणि गेल्या वर्षीच्या फाइलवर टिपण लिही. तुझ्या नावाने."

दाराशी त्यांनी तिला थांबवलं. त्यांच्या बॅगेच्या कप्प्यातून पांढऱ्या पाकिटाची कड दिसत होती. ते म्हणाले, "पत्राचं पुढच्या वर्षी बघू, बारकी." त्यांनी कप्प्याची चेन लावली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, नुसतं फार दमल्यासारखं झालं. मावशी, शुक्रवार, जेवण, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि तिला आईची दया आली.

ती शेडलगतच्या खोलीत परतली. थोड्या वेळाने फुटपट्टीबाई आल्या, न बोलावता. खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बैठकीतल्या गोष्टीबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. बाईंनी शीटमध्ये वॉरंटीची ओळ घातली, यंत्राची किंमत रिटर्नच्या परिशिष्टाशी जुळवली. डिफर्ड टॅक्सचं देणं एक कोटी अकरा लाखांनी वाढलं. कराचा खर्च झाला अकरा कोटी सहा लाख. हवा होता अकरा कोटी पंधरा.

"नऊ," बारकी म्हणाली.

"गेल्या वर्षी नऊ लाख जास्त खर्ची पडले होते, ते यंदा परत आले," बाई म्हणाल्या आणि त्यासमोर टाइप केलं, 'मागील वर्षांचे समायोजन'. "आता हे नाव खरं आहे."

त्यांनी पान छापलं, पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकत गेल्या. अगदी तळाशी पट्टी थांबली. लाखांत सगळं जुळलं होतं, पण पूर्ण आकड्यांत अकरा हजार राहत होते.

पाच वाजून गेले होते. बाहेर शिफ्ट सुटल्याचा गलका चालू होता. अकरा लाखांच्या आतलं सोडायचं असा यंदाचा नियम, आणि हे तर हजार. शहाण्या माणसाने बॅग भरली असती. बाईंनी पट्टी तशीच धरून तिच्याकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच सरळ.

"अकरा हजारच आहेत, मॅडम. सोडायचे?"

बारकीने फोन उलटा ठेवला आणि बॅग टेबलाखाली सारली.

"कशाचे आहेत?"

"ते माहीत नाही."

"मग फोडा, बाई," बारकी म्हणाली. "मी बसते."